सॉफ्टनर असला तरी ब्लोडाऊन लागतोच, हिशोब मांडून दाखवतो

"बॉयलरवाल्या भावांनो लक्ष द्या. सॉफ्टनर असेल तर पाण्यात क्षारच राहत नाहीत, मग ब्लोडाऊन कशाला? ब्लोडाऊन म्हणजे डिझेल गटारात. शिफ्ट संपताना 10 सेकंद व्हॉल्व्ह उघडा, पुरे. वरून हायड्राझीनचा डोस चालू ठेवा, बॉयलर नव्यासारखा राहील. सगळ्या हॉस्पिटलच्या ग्रुपवर पाठवा."

हे फॉरवर्ड बरेच दिवस फिरतंय, मी सोडून दिलं होतं. पण परवा माझ्या भाच्यानेच पाठवलं, खाली लिहिलेलं, "मामा, हाई खरं शे का?" तो अमळनेरकडे एका हॉस्पिटलात बॉयलर अटेंडंट आहे, आणि विचारलं बुधवारी पण अंमलबजावणी सोमवारपासूनच केलेली! का विचारलं, तर सीएसएसडीच्या, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाच्या, सिस्टर ओरडायला लागल्या की ऑटोक्लेव्हमधून ड्रेसिंगचे ड्रम ओले निघतायत. म्हणून आता लिहितोच. ब्लोडाऊन म्हणजे बॉयलरमधलं क्षार साचलेलं पाणी व्हॉल्व्ह उघडून थोडं बाहेर सोडणं.

सॉफ्टनरचं आधी उरकतो. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं, बस. म्हणजे ट्यूबवर पापडी धरणारे क्षार गेले, पण क्षारांचं एकूण वजन तेवढंच राहिलं, उलट किंचित वाढलंच. टेस्ट किटचा थेंब टाकल्यावर पाणी लालच्या ऐवजी निळं झालं की हार्डनेस गेला एवढंच कळतं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, त्यातून कळत नाही. भाच्याला म्हटलं सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर टीडीएस मीटर बुडव. त्यांच्या बोअरचं पाणी दोन्हीकडे लिटरमागे 900 मिलिग्रॅमच्या आसपास. मग क्षार गेले कुठे?

आता ते 10 सेकंद. मला खरा राग याचाच आहे, कारण हा आकडा आला कुठून ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसणार. उसाचा रस आटवताना पाणी उडतं आणि साखर कढईतच राहते, बॉयलरमध्ये क्षारांचं तेच होतं. वाफ जवळपास कोरी निघून जाते, क्षार मागे साचत जातात. किती साचू द्यायचे याची मर्यादा ठरलेली आहे, आयएस 10392 हे 1982 चं भारतीय मानक बघा, बीईई या ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेच्या बॉयलरच्या धड्यातही तोच तक्ता आहे : 20 किलो दाबापर्यंत बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस 3000 ते 3500. पॅकेज बॉयलरला 3000 च धरा. त्यावरून ब्लोडाऊन काढायचा तो असा:

B = S × F ÷ (C − F)

S म्हणजे ताशी वाफ, F फीडवॉटरचा म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस, C ही आपली 3000 ची मर्यादा. भाच्याचा बॉयलर एक टनाचा, 7 किलो दाबावर चालतो, पण लाँड्री, किचन, ऑटोक्लेव्ह सगळं धरून सरासरी वाफ ताशी 500 किलो, दिवसाला दहा तास. कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी, परत येतं फक्त 40 टक्के, म्हणजे फीड टँकमध्ये 60 टक्के ताजं पाणी. 900 चे 60 टक्के 540, कंडेन्सेटचे थोडे मिळवून F धरू 550. मग 500 गुणिले 550 भागिले 2450, उत्तर 112. ताशी 112 किलो पाणी काढायचं, दिवसाला अकराशेच्या वर.

10 सेकंदात किती जातं ते मोजता येतं. फीड पंप बंद असताना ब्लोडाऊन मारायचा आणि गेज ग्लासमधली पातळी किती उतरली ते पट्टीने बघायचं. त्यांच्या बॉयलरमध्ये पाण्याचा वरचा पृष्ठभाग साधारण 1.2 मीटर बाय 2 मीटर, म्हणजे 1 सेंटिमीटर उतरलं तर 24 लिटर, गरम पाणी हलकं म्हणून वजनात साडेएकवीस किलो. भाच्याच्या 10 सेकंदात पातळी जेमतेम अडीच सेंटिमीटर उतरली, म्हणजे पन्नासेक किलो. हवे होते अकराशे! आणि ते एकदम काढताही येत नाहीत, दिवसाचे 50 सेंटिमीटर एका दमात सोडले तर ट्यूबा उघड्या पडतील. म्हणून दर तासाला थोडं थोडं, पाच सेंटिमीटरच्या हिशोबाने, नाहीतर कायम चालू राहणारा छोटा ब्लोडाऊन.

उलटा हिशोबही करा. रोज पाच टन वाफेसाठी जे पाणी आत जातं त्यातून पावणेतीन किलो क्षार आत येतात. बॉयलरमध्ये पाणी दोन टन, म्हणजे टीडीएस रोज तेराशे-चौदाशेने चढतो. सोमवारी सकाळी 2600 होता, बुधवारी संध्याकाळी 6200. एवढ्या दाट पाण्यावर फेस धरतो, गेज ग्लासमध्ये पाणी नाचायला लागतं आणि वाफेबरोबर थेंब ओढले जातात. हॉस्पिटलात हे थेंब थेट ड्रेसिंगच्या ड्रममध्ये जातात. ओला निघालेला पॅक निर्जंतुक धरत नाहीत, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. सिस्टरने ते ड्रम परत पाठवले म्हणून बरं, एखाद्याने "थोडा ओलावा आहे, चालतंय" म्हणून ओटीत दिले असते तर?

डिझेलचं मात्र काही अंशी खरं आहे, मान्य करावं लागतं. 170 डिग्रीचं 112 किलो पाणी दर तासाला सोडलं तर दिवसाला साधारण 17 लिटर डिझेलची उष्णता जाते. पण ती वाचवायची तर व्हॉल्व्ह बंद करून नाही, F खाली आणून. लाँड्रीचं कंडेन्सेट गटारात न सोडता परत आणलं आणि परतावा 70 टक्के झाला तर F येतो 280 वर आणि ब्लोडाऊन ताशी 52 किलोवर, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि हो, उन्हाळ्यात बोअर आटून टँकर सुरू झाला की पाणी बदलतं, तेव्हा हा हिशोब परत करायचा. बोअरच्या पाण्यावर काढलेला आकडा मे महिन्यात चालत नाही.

टीडीएस मोजताना सँपल गेज ग्लासच्या ड्रेनमधून घेऊ नका, तिथे थंड होऊन पडलेल्या वाफेचं पाणी मिसळतं, आकडा कमी दिसतो. उघड्या बादलीत उकळतं पाणी घेतलं तर त्यातलं 13 टक्के वाफ होऊन उडतं, मग आकडा जास्त दिसतो. सँपल कूलरमधूनच घ्या.

राहिलं हायड्राझीन, गंज धरू नये म्हणून पाण्यातला ऑक्सिजन काढणारं रसायन. विषारी आहे, कॅन्सरचा संशय आहे, आणि ते वाफेबरोबर पुढे जातं. जी वाफ रुग्णाच्या कपड्यांना, हत्यारांना, किचनमधल्या भाताला लागते तिच्यात ते टाका म्हणणाऱ्याला काय म्हणावं! ऑक्सिजन काढायला सोडियम सल्फाइट वापरतात, ते उडून जात नाही, बॉयलरमध्येच राहतं. फक्त त्याने टीडीएस अजून थोडा वाढतो, तोही वरच्या हिशोबात धरायचा. फीड टँक 80-85 डिग्रीला ठेवला तर ऑक्सिजन आधीच बराच निघून जातो आणि सल्फाइट कमी लागतं, भाच्याचा टँक 60 वर आहे, कंडेन्सेट परत आलं की तोही चढेल.