'अलर्ट वाजेपर्यंत भाव निघून जातो': एका प्रतिक्रियेला उत्तर

नोकरी करणाऱ्या नवख्यांनी दिवसभर स्क्रीन बघण्याऐवजी शेअरच्या भावाचे अलर्ट फोनवर लावावेत, असा 'स्क्रीन विसरा' नावाचा लेख मी लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया:
"लेख वाचला. बाळबोध आहे. अलर्ट वाजतो तेव्हा भाव कधीच निघून गेलेला असतो, हे एक दिवस जरी मार्केट बघितलेल्या माणसाला कळतं. लेव्हल कशा काढता ते लिहिलेलं नाही. चुकीच्या अलर्टबद्दल अवाक्षर नाही. 'स्क्रीन विसरा' हे शीर्षक म्हणजे निव्वळ लाइक्ससाठी. नोकरीवाल्यांनी गुपचूप एसआयपी करावी, दुसऱ्यांना नादी लावू नये. – एक पूर्णवेळ ट्रेडर"

उत्तर:

नमस्कार साहेब. वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार.

शीर्षकाचं आधी सांगतो. ते भडक झालं, हे मान्य. 'स्क्रीन कमी बघा' असं असायला हवं होतं. बदलतो.

आता तुमच्या भाषेबद्दल. 'बाळबोध' म्हणालात. लेख नवख्यांसाठी आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलंय, तेव्हा ती मी शिवी मानत नाही. 'गुपचूप' मात्र खटकलं. तुम्ही पूर्णवेळ ट्रेडर आहात, चांगलं आहे, पण म्हणून बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं हा अधिकार कुठून आला? मी कारखान्यात शॉपफ्लोअरवर काम करतो. शिफ्ट सुरू होताना फोन लॉकरमध्ये जातो आणि जेवणाच्या सुट्टीत हातात येतो. तुमच्याकडे अलर्ट दोन सेकंदांत दिसत असेल, मला तो कधी कधी अडीच तासांनी दिसतो. पूर्वी एका ठिकाणी नोकरीला असताना फोनवर चार्ट बघताना वरिष्ठांनी पकडलं आणि सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर मी ही पद्धत बसवली आणि बरीच वर्षं तिच्यावरच काम करतोय. तेव्हा अलर्ट उशिरा पोचतो ही बातमी मला कृपया तुम्ही देऊ नका.

तुमच्या त्या एका वाक्यामागे गृहीतक असं आहे की अलर्ट म्हणजे 'आत्ता घे' अशी हाक. तसा लावला तर तो उशिराच वाजणार, यात वाद नाही. मी तो तसा लावतच नाही. उदाहरण घेऊन सांगतो. शेअरचं नाव देत नाही. मी नोंदणीकृत सल्लागार नाही आणि नाव दिलं की लोक टीप समजतात.

समजा एक शेअर ३७२ ला चाललाय. गेल्या काही महिन्यांत तो ३९५ ते ४०२ या पट्ट्यात जाऊन वारंवार परत फिरलाय. दिवसभरात वरखाली साधारण आठ रुपये हलतो. नवखा माणूस अलर्ट ४०२ वर लावतो. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं: फोन वाजेपर्यंत भाव ४०६ झालेला असतो, माणूस घाबरून बाजारभावाने उचलतो आणि संध्याकाळी तोच शेअर ३९६ ला बंद होतो.

माझा पहिला अलर्ट ३८७ वर असतो. पट्टा जिथे सुरू होतो त्याच्या खाली, एका दिवसाच्या सरासरी हालचालीइतका. तो वाजला की करायचं काहीच नसतं. तो मला दोन तासांनी दिसला काय किंवा घरी आल्यावर दिसला काय, फरक शून्य, कारण अजून निर्णयाची जागा आलेलीच नाही. त्याचं काम एवढंच की आज संध्याकाळी हा चार्ट उघडायचा. अलर्टच्या मजकुरातही मी तेच लिहून ठेवतो: '४०२ च्या वर दिवस बंद झाल्याशिवाय घ्यायचा नाही.' नुसतं शेअरचं नाव आणि आकडा लिहिला, तर तीन आठवड्यांनी वाजल्यावर आपण तो का लावला होता हेच आठवत नाही. हा अलर्ट एकदाच वाजणारा ठेवायचा. नाहीतर भाव ३८७ च्या आसपास घुटमळला की फोन दिवसभर टणटणतो आणि माणूस वैतागून सगळेच अलर्ट बंद करतो.

दुसरा अलर्ट ४०२ वर, पण दिवसाच्या चार्टवर, चार्टच्या ॲपमधला `Once Per Bar Close` हा पर्याय निवडून. म्हणजे भावाने मध्ये ४०२ ला नुसता स्पर्श केला तर काही वाजत नाही. दिवसाची कँडल त्याच्या वर बंद झाली तरच वाजतो. बाजार साडेतीनला बंद होतो, अलर्ट त्यानंतर येतो. तुमच्या मते हा उशिराचा कळस. माझ्या मते संपूर्ण पद्धतीचा कणाच हा. कारण तेव्हा बाजार बंद आहे, भाव पळत नाहीये, आणि शिफ्ट संपल्यावर माझ्याकडे शांतपणे हिशेब करायला वेळ आहे.

उशिराची किंमत मोजावी लागते, ती मी नाकारत नाही. पण ती किती, हे मोजून तर बघा. तुम्ही स्क्रीनसमोर होतात, ४०२ ओलांडताच ४०३ ला घेतला. स्टॉपलॉस ३८८. शेअरमागे जोखीम १५ रुपये. एका सौद्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये घालवायची तयारी असेल, तर तुम्ही २०० शेअर घ्याल. मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी आफ्टर मार्केट ऑर्डर टाकतो, ४१० च्या लिमिटने. स्टॉपलॉस तोच, ३८८. सर्वांत वाईट भावाला जोखीम २२ रुपये, म्हणून तेवढ्याच ३,००० मध्ये माझे १३६ शेअर बसतात. सकाळी ४०८ ला उघडला तर ४०८ ला मिळतो. थेट ४१५ ला उघडला तर दिवसभरात ४१० पर्यंत खाली आला तरच मिळतो, नाहीतर ऑर्डर संध्याकाळी रद्द होते आणि मी तो शेअर सोडून देतो. म्हणजे उशीर मी भावात भरत नाही, संख्येत भरतो. नफाही तुमच्यापेक्षा कमी होतो, होऊ दे. बदल्यात ज्या दिवशी भाव ४०६ ला जाऊन ३९६ ला परत येतो, त्या दिवशी तुम्ही अडकलेले असता आणि मला काही घडल्याचा पत्ताही नसतो.

हा हिशेब चुकीचा वाटत असेल तर आकड्यांनी खोडा. 'एक दिवस जरी मार्केट बघितलेल्या' वगैरे म्हणून खोडला जात नाही.

खरी अडचण विक्रीच्या बाजूला आहे, आणि गंमत म्हणजे पूर्णवेळ असूनही तुम्हाला ती दिसली नाही. अलर्ट म्हणजे स्टॉपलॉस नव्हे. ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस आठवा. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६४ च्या आसपास बंद झाला होता, त्या दिवशी २१,२८१ पर्यंत खाली गेला आणि २१,८८४ ला बंद झाला. अशा दिवशी लॉकरमधला फोन कितीही वाजला तरी काय उपयोग? म्हणून शेअर हातात आला की त्याच दिवशी जीटीटी टाकायची, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप बाजारात जाणारी विक्रीची ऑर्डर. ट्रिगर ३८८, लिमिट ३८४. ती बहुतेक ब्रोकरकडे वर्षभर टिकते. मात्र विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची कायमची परवानगी, म्हणजे डीडीपीआय, ब्रोकरला दिलेलं नसेल आणि त्या दिवशी टीपिनने मंजुरीही दिली नसेल, तर ट्रिगर होऊनसुद्धा विक्रीची ऑर्डर नाकारली जाते. हे आधी तपासा, कारण त्याचा पत्ता नेमका पडझडीच्या दिवशी लागतो.

आणि समजा भाव रात्रीत कोसळून थेट ३७५ ला उघडला. ट्रिगर होईल, ३८४ ची विक्री ऑर्डर बाजारात जाईल आणि तिथेच पडून राहील, कारण ३८४ द्यायला कोणी तयार नाही. माणूस समजतो आपण सुटलो, आणि शेअर डीमॅटमध्ये तसाच. यासाठी माझा तिसरा अलर्ट ३८३ वर, लिमिटच्या एक रुपया खाली. तो वाजला म्हणजे ऑर्डर पुरी झाली की नाही ते सुट्टीत आधी बघायचं आणि झाली नसेल तर लिमिट खाली आणायची. तिन्हींपैकी हा एकच अलर्ट असा आहे जिथे उशीर खरोखर महागात पडतो. तुम्ही यावर बोट ठेवलं असतं तर मी हात जोडले असते.

चुकीच्या अलर्टबद्दल थोडंसं. रिलायन्सने २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. ऑक्टोबरअखेर एका दिवसात भाव २,६५० च्या आसपासवरून निम्म्यावर दिसू लागला. ज्यांनी २,६०० च्या खाली जाण्याचा अलर्ट हाताने आकडा टाकून लावला होता त्यांचे फोन वाजले, प्रत्यक्षात घसरण काहीच नव्हती. बोनस किंवा स्प्लिटची तारीख जाहीर झाली की त्या शेअरचे अलर्ट काढून नव्या आकड्यांनी लावायचे. न वाजणारा अलर्ट याहून वाईट. मोफत खात्यांत अलर्टला मुदत असते, ती गुपचूप (तुमचा शब्द) संपते. आणि फोनची बॅटरी बचत ॲपला झोपवते, त्या ॲपला त्यातून वगळा. तपासायचं असेल तर चालू भावापासून पाच-दहा पैशांवर एक अलर्ट लावा, फोन खिशात ठेवा आणि वाजतो का बघा.

लेव्हल कशा काढतो त्यावर वेगळा लेख होईल. इथे तो विषय नाही.

राहिली एसआयपी. माझी चालू आहे, दर महिन्याला खात्यातून कापली जाते, तिच्याबद्दल मी कुणालाही काही वाईट सांगितलेलं नाही. 'नादी लावण्या'बद्दल म्हणाल तर इंट्राडेची साधी गोष्ट बघा. रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण २०२२-२३ मध्ये तोट्यात होते, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. ती सगळी मंडळी स्क्रीनसमोरच बसलेली होती ना? मी लोकांना तिथून उठायला सांगतोय.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, छापेन. फक्त ४१० च्या लिमिटचा हिशेब कुठे चुकतो ते त्यात असू द्या.