तबल्यावर आहे, की आहेत?

आमच्या गाण्याच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेचं निवेदन मी बरीच वर्षं करते आहे. तीन वर्षांपूर्वी साथीदारांची ओळख करून देताना मी म्हणाले, "पेटीवर आहेत अमुक, आणि तबल्यावर आहे आपला सगळ्यांचा लाडका तमुक!" टाळ्या पडल्या, तबलजीने हसून नमस्कार केला, कार्यक्रम पुढे गेला.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी दहाएक वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काकू, तुम्ही आमच्या सरांना 'आहे' का म्हणालात?"

मला आधी कळेचना. मग उजेड पडला. ज्याला मी अर्ध्या चड्डीत क्लासच्या पायऱ्यांवर बसलेला पाहिलंय, तो आता चौतिशीचा आहे. त्याचा स्वतःचा क्लास आहे आणि त्याची डझनभर पोरं तिसऱ्या रांगेत बसली होती. माझ्या डोळ्यांसमोर चड्डीतला पोरगा होता, त्यांच्या डोळ्यांसमोर सर. आणि पेटीवाल्याला 'आहेत' म्हणून लगेच पुढच्या वाक्यात मी त्याला खाली बसवलं होतं. नुसतं 'आहे' एक वेळ चालून गेलं असतं, पण शेजारच्या 'आहेत'मुळे ते टोचलं.

तेव्हापासून निवेदनाची वही लिहिताना मी क्रियापदांकडे जास्त बघते. सर्वनाम आपण सांभाळतो, क्रियापद दगा देतं. आणि त्यातही एक गंमत आहे. 'त्यांनी साथ केली', 'त्यांनी मैफली गाजवल्या', 'त्यांनी बंदिशी बांधल्या' अशा वाक्यांत क्रियापद करणाऱ्याच्या मागे जातच नाही, कर्माच्या मागे जातं. मान राहतो तो फक्त 'त्याने' आणि 'त्यांनी' यांच्यातल्या फरकात. पण ओळख म्हटली की वाक्यं असतात जन्मल्या, राहिल्या, शिकल्या, गेल्या अशी. इथे सगळं उघडं पडतं. 'बाई किराणा घराण्याचं गाणं शिकल्या' असं सुरू करून चौथ्या वाक्यात 'आणि मग पुण्याला आली' असं बोलून जाणारे निवेदक मी ऐकले आहेत. उलट टोक म्हणजे 'मॅडम आले'. मान द्यायचा म्हणून बाईंना पुल्लिंगी करून टाकायचं! त्या मॅडम असोत, ताई असोत की आजी, त्या 'आल्या'च.

दुसरी खिंड अनुस्वाराची. बाईला आणि बाईंना, ताईने आणि ताईंनी, सरला आणि सरांना. घरात मी माझ्या आत्तेबहिणीविषयी 'ताईने सांगितलं' म्हणते, ते मायेचं आहे. मंचावर त्याच ताईच्या हातून बक्षीस द्यायचं असेल तर 'ताईंच्या हस्ते'. माया कमी झाली म्हणून नव्हे. समोरच्या दोनशे माणसांची ती ताई नाही म्हणून.

आता बरोबरीच्यांचं. पेटीवाला माझा कॉलेजपासूनचा मित्र, आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करतो. 'माझा मित्र आणि उत्तम पेटीवादक अमुक यांना मी विनंती करते' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण आतून फाटलेलं आहे: 'माझा' एकेरी, 'यांना' आदरार्थी. 'माझे मित्र अमुक यांना' केलं की शिवलं जातं. थोडं कडक इस्त्रीचं वाटतं, पण चालतं. मैत्रिणीच्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला वाऱ्यावर सोडते. 'माझ्या आत्या आल्या', 'त्यांच्या पत्नी आल्या' हे सरळ चालतं, पण 'माझ्या मैत्रीण आल्या'? कानाला खडा लागतो. 'बाईंच्या विद्यार्थिनी' म्हणावं तर एक उभी राहील की पाच, कळत नाही. म्हणून मी तिथे नातं वाक्यातून काढून वेगळं सांगते: 'अमुक आता गाणार आहेत. आमची मैत्री वीस वर्षांची.' संपलं.

आणि गप्पांचा भाग आला की मित्राला 'तुम्ही' म्हणणं मला जमत नाही, जमवूही नये. दोन मिनिटांपूर्वी विंगेत 'अरे, माझा चष्मा बघितलास का' म्हणणारी मी माइकवर 'तुम्हाला संगीताची गोडी कशी लागली?' विचारायला लागले की तोच आधी हसतो. ओळख 'यांना' घालून करायची, मग एकदाच सांगायचं, 'आम्ही जुने मित्र, मी याला तू म्हणणार आहे', आणि मग शेवटपर्यंत तू. मधेच कुणी पाहुणे पहिल्या रांगेत येऊन बसले म्हणून 'तुम्ही'वर उडी मारायची नाही. लोकांना तू खटकत नाही, बदल खटकतो.

सगळ्यात घसरडा शब्द 'आपण'. आदर म्हणून आपण, आणि तुम्ही-आम्ही मिळूनही आपणच. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांकडे बघून मी म्हणाले, "आता आपण दीपप्रज्वलन करूया." पाहुणे प्रसन्न चेहऱ्याने बसून राहिले. ते वाट बघत होते मी उठवायला येण्याची, मी वाट बघत होते त्यांच्या उठण्याची, आणि पहिल्या रांगेतल्या दोन आजी चपला काढून समईकडे निघाल्या. आता मी नाव घेते आणि 'यांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती' एवढंच म्हणते. बाईंशी बोलताना तर 'आपण' नाहीच, 'तुम्ही'. मंगळवार-शुक्रवार ज्यांच्यासमोर मांडी घालून बसते, त्यांना 'आपण' म्हटलं तर त्यांनाच वाटेल की ही कुणा पाहुण्याशी बोलते आहे.

('जी' लावणारे मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकते. आपल्याकडे ताई, बाई, बुवा, राव, पंत, अण्णा, काका असं सगळं घरचं असताना 'अमुकजी' कशाला? आणि नावाआधी सौ. की श्रीमती हा प्रश्न तर विचारूनच सोडवावा. सरकारी कागदावर सरसकट श्रीमती असते, पण आमच्या पिढीच्या कानाला ते अजून नवरा नसलेल्या बाईसाठी वाटतं. आमच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नुसतं नाव लिही गं, ते पुरतं.")

राहिली मुलं. प्रार्थना म्हणणारी बारा वर्षांची मुलगी 'कु. अमुक यांनी' केली की सभागृहात हसू फुटतं आणि ती बिचारी पहिल्या ओळीतच सूर सोडते. तिथे 'ही', 'हिने'. पण रेघ कुठे ओढायची? मी ती वयावर ओढत नाही, पत्रिकेवर ओढते. ज्याचं नाव पत्रिकेवर कलाकार म्हणून छापलंय त्याला 'यांना', मग तो अठराचा असो. शिष्यवर्गात जो बसलाय तो एकेरी. आणि मोठे-धाकटे एकाच वाक्यात आले तर नावं ओळीने घेऊन शेवटी एकच 'यांनी' टाकायचा: 'बाई, अमुक आणि तमुक यांनी'. तो 'यांनी' अनेकवचनाचा की आदराचा, कुणी विचारत नाही. सगळ्यात धाकट्यालाही त्यात फुकट मान मिळून जातो.

यंदाच्या पत्रिकेत त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं नाव आलंय. एकल तबला, दहा मिनिटं. माझ्या नियमाने तो 'यांना' झाला. मी वहीत तसं लिहिलंही. परवा त्याच्या सरांचा फोन आला:

"ताई, त्या पोराला 'यांनी-बिंनी' करू नकोस हं. अजून तीनतालात सम चुकतो."