कोटा नेमका कोणाचा?

‘अमक्याला ऑलिंपिकचं तिकीट’ अशी बातमी आली की अभिनंदनाचा पाऊस पडतो. वर्ष-दीड वर्षाने तोच खेळाडू संघात दिसला नाही की ‘राजकारण झालं’ म्हणून आरडाओरडा सुरू होतो. राजकारण कधी कधी असतंही. पण बऱ्याचदा घोळ पहिल्या बातमीतच असतो. तिकीट निघालेलं असतं, त्यावर नाव लिहिलेलं नसतं.

नेमबाजीत मिळवलेली जागा, म्हणजे कोटा, हा देशाचा असतो. जागतिक अजिंक्यपद, खंडीय स्पर्धा आणि शेवटची पात्रता स्पर्धा अशा टप्प्यांवर नेमबाज कोटे कमावतात. मात्र एका नेमबाजाला एकच कोटा मिळतो, आणि एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोन जण उतरतात. कोटा देशाच्या खात्यात जमा झाला की त्यावर कोणाला पाठवायचं हे देशाने ठरवायचं. जाणाऱ्याने किमान पात्रता गुणसंख्या आधी मान्यताप्राप्त स्पर्धेत नोंदवलेली असली म्हणजे झालं.

कागदावर हे रुक्ष वाटतं, म्हणून पॅरिस २०२४ साठीचं भारताच्या महिला पिस्तूल गटाचं उदाहरण घेऊ. २५ मीटर पिस्तूलचा एक कोटा मनू भाकरने ऑक्टोबर २०२३ मध्ये चँगवॉनला मिळवला. दुसरा ऱ्हिदम सांगवानने जानेवारी २०२४ मध्ये जकार्त्याला. त्याच जकार्त्यात १० मीटर एअर पिस्तूलचा कोटा ईशा सिंगने आणला, आणि दुसरा पलक गुलियाने एप्रिलमध्ये रिओला. चार मुली, चार कोटे. आता पॅरिसला प्रत्यक्ष कोण उतरलं ते बघा. १० मीटरमध्ये मनू आणि ऱ्हिदम, २५ मीटरमध्ये मनू आणि ईशा. म्हणजे १० मीटरचे कोटे ज्यांनी आणले, त्या दोघींपैकी एकही त्या प्रकारात नव्हती. मनूने पहिलं कांस्य जिंकलं ते याच १० मीटरमध्ये, जिथला कोटा तिने आणलेलाच नव्हता!

हे झालं दिल्ली आणि भोपाळला एप्रिल-मे २०२४ मध्ये झालेल्या चार निवड चाचण्यांमुळे. मनू दोन्ही प्रकारांत वर आली. एकच व्यक्ती दोन प्रकारांत खेळणार म्हटल्यावर चार कोट्यांवर तीनच माणसं, एक कोटा शिल्लक. तो वाया घालवण्यापेक्षा नेमबाजी महासंघाने १० मीटर पिस्तूलचा एक कोटा बदलून महिला ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगनने टिपण्याच्या प्रकारात, मागितला, आणि तिथे श्रेयसी सिंग गेली. पिस्तुलाचा कोटा शॉटगनच्या कामी आला. भारताचा नेमबाजी संघ २१ जणांचा झाला तो असा.

आणि पलक? रिओत कोटा जिंकल्यावर साधारण आठवड्याभरात चाचण्या सुरू झाल्या आणि ती बाहेर राहिली. रुद्रांक्ष पाटीलचंही तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता होऊन त्याने १० मीटर एअर रायफलचा कोटा आणला, पण पॅरिसला अर्जुन बबुता आणि संदीप सिंग गेले. यातल्या संदीपने कोटा जिंकलेला नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे: नेमबाजीत कोटा देशाचा असणंच बरोबर. कोटा मिळतो एका दिवसाच्या कामगिरीवर, आणि कैरो ते पॅरिस हे अंतर २१ महिन्यांचं होतं. एवढ्या काळात नेमबाजाचा फॉर्म कुठल्या कुठे जातो. मनूला फक्त २५ मीटरपुरतं अडकवलं असतं तर १० मीटरचं कांस्य आलंच नसतं, आणि सरबजोत सिंगबरोबरचं मिश्र सांघिक कांस्यही नाही, कारण तीही १० मीटर एअर पिस्तूलचीच स्पर्धा. पण याला एक अट हवी. निवडीचं धोरण पहिला कोटा मिळण्याआधी लेखी जाहीर झालेलं असावं, आणि मधे बदलू नये. कोटे जमा झाल्यावर नियम लिहायला बसलं की प्रत्येक नियमात कोणाचा तरी चेहरा दिसायला लागतो.

कुस्तीतही कोटा देशाचाच असतो. ॲथलेटिक्समध्ये मात्र गणित उलटं आहे. तिथे वैयक्तिक पात्रता खेळाडूच्या नावावर लागते आणि रस्ते दोन आहेत: ठरलेली पात्रता वेळ गाठा, किंवा जागतिक क्रमवारीतून आत या.

ज्योती याराजीचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. पॅरिससाठी महिलांच्या १०० मीटर अडथळ्यांची पात्रता वेळ होती १२.७७ सेकंद. मे २०२४ मध्ये फिनलंडला ती १२.७८ मध्ये धावली. एक शतांश! थेट दार बंद. तरी ती पॅरिसला गेली, कारण या प्रकारात जागा ४० होत्या आणि वेळ गाठणाऱ्यांनंतर उरलेल्या जागा क्रमवारीने भरल्या गेल्या.

ही क्रमवारी म्हणजे सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी. प्रत्येक निकालाला वेळेचे गुण असतात आणि त्यावर स्थानाचे गुण. स्थानाचे गुण स्पर्धेच्या दर्जावर ठरतात, आणि खरी मेख इथेच आहे. ज्योतीने २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं ते १३.०९ सेकंदांत. वेळ तिच्या मानाने साधारण, पण खंडीय विजेतेपदाला स्थानाचे गुण भरपूर. छोट्या स्पर्धेत वेळ दोन-चार शतांशांनी सुधारून तेवढे गुण हाती लागत नाहीत. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत गावोगावच्या किरकोळ स्पर्धा पळत सुटणारे खेळाडू दमतात, सरासरी मात्र हलत नाही.

वाऱ्याचाही एक बारकावा आहे. पाठीमागून वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर ती वेळ ना विक्रमाला चालते ना पात्रतेला. एप्रिल २०२२ मध्ये ज्योतीची अशीच एक शर्यत वाया गेली. वेळ पुन्हा १३.०९, त्या वेळच्या १३.३८ च्या राष्ट्रीय विक्रमाहून कितीतरी चांगली, पण वारा होता २.१. क्रमवारीत मात्र असा निकाल पूर्ण फुकट जात नाही, गुण कापून धरतात.

आणखी एक: जागतिक क्रमवारीतला आकडा बघून हिशेब करू नका. एका देशाचे तिघेच धरले जातात. त्यामुळे अमेरिकेची चौथी, पाचवी, सहावी धावपटू यादीतून गळते आणि खालच्या सगळ्या वर सरकतात. क्रमवारीत पन्नाशीत असलेली खेळाडूही ४० जणींत बसू शकते. ही चाळणी लावलेली पात्रता यादी वेगळी निघते, ती बघायची.

नावावर जागा असली तरी शेवटची सही देशाच्या ऑलिंपिक समितीची लागते. डच गोल्फपटू योस्ट लाउटेन जागतिक क्रमवारीतून पॅरिससाठी पात्र ठरला होता. गोल्फमध्ये ६० जण खेळतात. पण पहिल्या आठात येण्याची वास्तव शक्यता नाही म्हणून त्याच्याच देशाच्या समितीने नाव पाठवायला नकार दिला. तो कोर्टात गेला आणि जिंकलाही. पण तोपर्यंत नाकारलेली जागा पुढच्याला देऊन झाली होती, आणि लाउटेन पॅरिसला खेळला नाही.