नव्या कपड्याचा रंग मिठाने पक्का होत नाही

नवा कपडा एकदा धुऊन मगच अंगात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सणाच्या दिवशी कोऱ्या साडीची घडी मोडण्यातला आनंद मला चांगला माहीत आहे. पण कुंकवाचं बोट धुऊन इस्त्री केलेल्या साडीलाही लावता येतं, आणि त्या दिवशी घामाने काखेत रंग उतरण्याची धास्ती राहत नाही.

हे एवढं ठामपणे सांगायचं कारण म्हणजे, इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये, रंगाचा पक्केपणा तपासणाऱ्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं काम केलं. दुकानात घडी घालून ठेवलेला कपडा स्वच्छ दिसतो, पण त्यावर बरंच काही असतं. विणण्याआधी धाग्याला लावलेल्या खळीचा अंश, हात लावल्यावर कापड मऊ लागावं म्हणून दिलेलं सॉफ्टनर, सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कपड्यांना दिलेलं रेझिन, आणि धाग्याला न चिकटलेला जादा रंग. सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टांना पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या रेझिनमधून थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, पण ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना खाज सुटते, पुरळ उठतो. एका धुण्याने ते सगळं जात नाही, पण चांगलं कमी होतं. अशा पुरळाची एक खूण लक्षात ठेवा. कपड्यामुळे आलेला पुरळ बहुधा काखेच्या कडांना, जिथे शिवण घासते तिथे उठतो आणि काखेचा खोलगट भाग मोकळा राहतो. डिओडरंटचा त्रास असेल तर तो नेमका खोलगट भागात असतो.

बाळाच्या बाबतीत तर आपल्याकडे हे शहाणपण आधीपासूनच आहे. जुन्या सुती साडीची दुपटी आणि लंगोट का करायचे? त्या कापडातून जे निघायचं ते शेकडो धुण्यांत निघून गेलेलं असतं. आता बारशाला आलेली झबली सरळ पाकिटातून काढून घालतात, ते बघून माझा जीव कासावीस होतो.

आता रंगाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. पहिल्या धुण्यात बादली लाल झाली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवला नव्हतास का?" आणि दोष धुणाऱ्या बाईच्या माथी. हे मला मनापासून खटकतं. रंग जातो तो कारखान्यातलं काम अर्धवट राहिलं म्हणून, किंवा रंगच कच्चा वापरला म्हणून. तिने मीठ घातलं नाही म्हणून नव्हे.

सुती कापडाला आज जे गडद, झळझळीत रंग दिसतात ते बहुतेक रिअॅक्टिव्ह जातीचे असतात. रंगवताना हा रंग सोड्याच्या मदतीने सुताशी कायमचा जोडला जातो. पण त्यातला काही भाग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि वाया जातो. तो पुन्हा सुताला धरू शकत नाही, नुसता कापडात अडकून बसतो. मरून, काळा, गडद निळा अशा शेडमध्ये हा वाया गेलेला भाग मोठा असतो. तो काढायला रंगवल्यानंतर कापड आधी साध्या पाण्याने धुतात, मग उकळीच्या जवळच्या तापमानाला साबण घालून. आमच्याकडे याला सोपिंग म्हणतात. सोपिंगला पाणी लागतं, वाफ लागते, वेळ लागतो. घाईच्या ऑर्डरमध्ये एखादं पाणी वाचवलं की तो रंग तसाच राहतो आणि तुमच्या बादलीत उतरतो.

म्हणजे पहिल्या धुण्यात जो रंग निघतो तो पक्का करायचा प्रश्नच नाही. तो धरणारच नाहीये. तो बाहेर काढायचा असतो, फक्त दुसरीकडे बसू न देता.

मग मिठाची समजूत आली कुठून? कारखान्यात मीठ खरंच वापरतात, तेही भरपूर. गडद शेडला लिटरमागे 50 ते 80 ग्रॅमसुद्धा. पण ते रंगवताना, पाण्यातला रंग कापडाकडे ढकलायला. जोडणीचं काम त्यानंतर सोडा करतो. घरी 15 लिटरच्या बादलीत मूठभर म्हणजे साधारण 50 ग्रॅम मीठ टाकलं तर लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम पडतं. एवढ्याने फार काही होत नाही, आणि जे थोडंफार होतं ते उलट्या दिशेने होतं. मिठामुळे सुटा रंग कापडातून बाहेर यायला नाखूश होतो, म्हणून पाणी जरा स्वच्छ दिसतं आणि आपल्याला वाटतं रंग बसला. पुढच्या धुण्यात मीठ नसतं, तेव्हा तोच रंग बाहेर येतो आणि सोबतच्या बनियनला लागतो. सोपिंगच्या आधी कापडातलं मीठ साध्या पाण्याने काढून टाकतात ते यासाठीच.

व्हिनेगर लोकर, रेशीम आणि नायलॉनवरच्या विशिष्ट रंगांना उपयोगी पडतं, सुती कापडावर नाही. तुरटीचंही तसंच. मंजिष्ठासारख्या वनस्पतीच्या रंगात तुरटी लागते, पण ती रंगवण्याआधी किंवा रंगवताना. कारखान्यात रंगवून, शिवून आलेल्या कुडत्याला तुरटीच्या पाण्यात बुचकळून काही साधत नाही.

आता खरं काय करायचं ते एका कपड्यावर सांगते. समजा, गडद मरून सुती कुडता आहे आणि गळ्याला पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम आहे. सगळ्यात अवघड प्रकार हाच.

आधी चाचणी. कुडत्याच्या आतल्या बाजूला, तळाच्या दुमडीत, पांढऱ्या सुती कापडाचा कोरडा तुकडा दाबून दहा वेळा घासा. मग दुसरा तुकडा ओला करून, पिळून, तसाच घासा. लॅबमध्ये हेच यंत्रावर करतात आणि डागाला 1 ते 5 गुण देतात, 5 म्हणजे डागच नाही. कोरड्या तुकड्याला काही लागलं नाही आणि ओल्याला फिकट गुलाबी झाक आली, तर गडद शेडला हे अपेक्षित आहे, नीट धुतलं की आटोक्यात येतं. ओला तुकडा लालभडक झाला तर सावध व्हा. आणि कोरड्यालाच रंग लागला तर तो धाग्याच्या वरवर बसलेला आहे. नीळ वापरलेल्या जीन्सचं असंच असतं. ती पाण्यात विरघळण्यापेक्षा घासून सुटते, म्हणून फिकट सोफ्यावर आणि पर्सवर डाग पडतात.

धुताना मशीन नको, विशेषतः समोरून उघडणारं. ते कमी पाण्यात धुतं, त्यामुळे सुटलेला रंग त्याच थोड्या पाण्यात दाट होतो. मोठी बादली काठोकाठ भरा, थोडं पातळ डिटर्जंट आधी पाण्यात मिसळून घ्या, मग एकटा कुडता उलटा करून सोडा आणि सतत हलवत राहा. भिजत ठेवायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. कपडा स्थिर पडला की सुटलेला रंग पांढऱ्या दोऱ्यात मुरायला त्याला निवांत वेळ मिळतो. तीन-चार मिनिटांत उचला, निथळू द्या, पाणी फेका, नवी बादली भरा. पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत हेच. पांढरं काम असेल तर पाणी गारच ठेवा. कपडा सगळा एकाच रंगाचा असेल आणि लेबलवर परवानगी असेल तर मात्र गरम पाणी घ्या, कारण अडकलेला रिअॅक्टिव्ह रंग गरम पाण्यात जास्त निघतो आणि सोपिंगचं राहिलेलं काम आपण पुरं करतो.

मग पिळून गोळा करून ठेवू नका. अर्ध्याहून जास्त डाग मी वाळवताना पडलेले पाहिलेत. ओला कपडा दुमडून राहिला की मरून भाग पांढऱ्याला टेकतो आणि छाप उमटते. जुन्या पांढऱ्या टॉवेलमध्ये पसरून, गुंडाळून, दाबून पाणी काढा आणि लगेच सावलीत टांगा. टांगताना पांढरा भाग वर येऊ द्या, कारण रंगीत पाणी खाली ओघळतं. कुडता खांद्यावरून टांगला की गळा आपोआप वर राहतो. पांढऱ्या काठाची गडद साडी असेल तर दांडीवर दुमडून टाकण्यापेक्षा सपाट पसरा.

एवढं करूनही डाग लागलाच तर कपडा वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको. डाग ओला असताना पुन्हा भरपूर पाणी आणि डिटर्जंट. डाग शेजारच्या पांढऱ्या सुती कपड्याला लागला असेल तर त्याला कडक पाणी आणि ऑक्सिजन ब्लीच चालतं. हेच मरून कुडत्यावर करू नका.

दुसऱ्या धुण्याला बादली पहिल्यापेक्षा स्पष्टपणे फिकी असली पाहिजे, तिसऱ्याला जेमतेम झाक. तसं झालं तर रंग चांगला होता, फक्त धुणं राहिलं होतं. पण प्रत्येक धुण्याला पाणी तितकंच लाल आणि कपडा मात्र विटत चालला, तर तो बहुधा डायरेक्ट जातीचा स्वस्त रंग आहे. तो सुताला नुसता टेकून असतो, जोडलेला नसतो. तिथे घरगुती उपाय संपतात. रंगांच्या दुकानात डाय फिक्सर मिळतो, बाटिक करणाऱ्यांना तो माहीत असतो. पाकिटावरच्या प्रमाणात, कोमट पाण्यात घालून वापरायचा. तो रंगाच्या कणाला धरून त्याचं विरघळणं कमी करतो. पण काही धुण्यांनी त्याचा जोर ओसरतो, आणि तो फक्त एकरंगी कपड्याला वापरावा. पांढऱ्या जमिनीवरच्या छपाईला वापरलात तर पांढऱ्यावर पसरलेला रंगही तिथेच घट्ट बसेल. माझा सल्ला विचाराल तर असा कपडा ओल्या पांढऱ्या रुमालासकट दुकानात न्या आणि बदलून मागा. दुकानदाराने पुढे व्यापाऱ्याला विचारलं, तरच कारखान्यात सोपिंगचं एक पाणी वाढेल.

पॉलिएस्टरचा रंग गार पाण्यात सहसा जात नाही, तिथे एवढा खटाटोप नको. पण घट्ट बसणारा, अस्तर नसलेला गडद निळा किंवा काळा कपडा असेल तर अंगात घालण्याआधी तोही धुवाच. पॉलिएस्टरच्या काही निळ्या रंगांची काही जणांना ॲलर्जी होते, आणि घाम असतो तिथे ती जास्त दिसते.

पैठणी आणि जरीच्या रेशमी साड्या माझ्या या नियमाला अपवाद. त्यांना पाणी दाखवू नका, सावलीत वारा देऊन नेसा. मात्र सुती साडीला फॉल लावायचा असेल तर साडी आणि फॉल दोन्ही आधी वेगवेगळे पाण्यातून काढून वाळवून घ्या, ब्लाउजचं अस्तरही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि दोन्हींचं आटणं सारखं नसलं की निऱ्यांच्या तळाशी चुण्या पडतात, त्या कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. फॉलच्या गडद रंगाला तर ओल्या रुमालाची चाचणी हमखास करा.