समोरच्याला घाम फोडणारा ईमेल कसा लिहावा...!!!

धंद्याचा ईमेल साधा, सरळ, पूर्णविराम देऊन लिहायचे दिवस गेले. असा ईमेल लोक दोन मिनिटांत वाचतात, त्यांना तो समजतो आणि ते कामाला लागतात. त्यात कसली मजा? वाचणाऱ्याच्या छातीत धस्स झालं पाहिजे. त्याने तीनदा वाचून शेवटी फोन लावला पाहिजे, आणि तुमचा फोन बंद असला पाहिजे. ही कला माझ्या भाच्याला उपजत आहे. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो सध्या ‘ऑफिस बघतो’. त्याने गेल्या महिन्यात मला जे शिकवलं, ते तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, विषयाच्या ओळीत किमान तीन उद्गारचिन्हं हवीत. जोडीला एखादं प्रश्नचिन्ह टाकलंत तर उत्तमच. स्पॅमअसॅसिन नावाचा कचरा गाळणारा एक प्रोग्राम आहे, त्यात PLING_QUERY नावाचा एक नियमच आहे: विषयात उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह दोन्ही दिसली की ईमेलच्या नावावर संशयाचे थोडे गुण चढवायचे. एकट्या या नियमाने ईमेल कचऱ्यात जात नाही, गुणांची बेरीज व्हावी लागते. पण तुम्ही मनावर घ्या. ‘अर्जंट’, ‘ऑफर’, ‘फ्री’ हेही घाला. बेरीज होईल.

दुसरी गोष्ट, ‘धन्यवाद’नंतर टिंबं द्या. आभार मानलेत की नाही, ते समोरच्याला कळता कामा नये.

आता तिसरी, आणि खरी. बातमी जिथे अर्धवट असेल तिथे तीन टिंबं द्या, आणि जिथे वाईट असेल तिथे उद्गारचिन्हं. हे समजायला भाच्याचा ईमेल पूर्ण वाचावा लागेल. पुण्याच्या एका हॉटेलने आमच्याकडून 600 टॉवेल मागवले होते. 30 बाय 60 इंची, 450 जीएसएम, गर्द निळे, आणि काठात हॉटेलचं नाव विणलेलं. मी कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलो होतो, मोबाईलची बॅटरी रस्त्यातच संपली. तेवढ्यात भाचेसाहेबांनी हॉटेलच्या खरेदीच्या मॅडमना लिहिलं:

विषय: अर्जंट!!! आपल्या टॉवेलच्या ऑर्डरबद्दल...??
नमस्कार मॅडम!!!
आपली ऑर्डर जवळजवळ तयार आहे...!! फक्त शेडमध्ये थोडासा फरक आलाय... पण काळजी नको!!! माल गुरुवारी निघेल... पेमेंटचं तेवढं बघा...
धन्यवाद...!!!

किती आपुलकी आहे बघा! लिहिताना भाचा हसत होता म्हणे, आणि ते मला पटतं, कारण त्याच्या मनात खरंच काही काळंबेरं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना तो असाच लिहितो. तिथे टिंब म्हणजे श्वास आणि उद्गारचिन्ह म्हणजे हसू. पण मॅडम त्याच्या मित्र नव्हत्या. त्यांनी जे वाचलं ते असं: जवळजवळ तयार, म्हणजे तयार नाही. शेडमध्ये थोडासा फरक आणि पुढे टिंबं, म्हणजे फरक मोठा आहे आणि हे लपवतायत. काळजी नको आणि पुढे तीन उद्गारचिन्हं, म्हणजे काळजी करायलाच हवी. गुरुवारी निघेल टिंब टिंब टिंब, म्हणजे कुठल्या गुरुवारी ते सिद्धेश्वरालाच माहीत. आणि ‘पेमेंटचं तेवढं बघा’पुढच्या टिंबांत त्यांना चक्क दमदाटी ऐकू आली. नाहीतर...? नाहीतर काय करणार आहात?

त्यांनी फोन केला, माझा बंद. ऑफिसचा भाच्याने उचलला आणि म्हणाला, ‘मॅडम, काही टेन्शन घेऊ नका, मामा तुळजापूरला गेल्यात.’ झालं! (हे उद्गारचिन्ह मी विचार करून दिलंय.)

खरी परिस्थिती काय होती, ऐका. 600 पैकी 560 टॉवेल पॅक होऊन पडले होते. उरलेले 40 रंगाईच्या दुसऱ्या लॉटमधले, एक छटा गडद. शेजारी शेजारी ठेवले तर दिसतं, एकटा टॉवेल बघितला तर नाही. टॉवेलच्या धंद्यात लॉट बदलला की असं होतंच, आणि मॅडमनाही ते माहीत असणार. त्या म्हणाल्या असत्या, 40 वेगळ्या खोक्यात द्या, जिममध्ये वापरू. दोन वाक्यांचं काम होतं. आपल्या भाच्याने त्या दोन वाक्यांच्या जागी तीन-तीन टिंबं ठेवली.

टिंबांची गंमतच ही आहे. छापील मजकुरात कुणाचं बोलणं उद्धृत करताना मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं देतात. म्हणजे वाचणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं की इथे काहीतरी गाळलंय. तुम्हाला वाटतं आपण हळुवार थांबलो, त्याला वाटतं आपण काहीतरी खिशात घातलं. टिंबांच्या जागी ‘काय?’ असा प्रश्न ठेवून बघितला असता, तर भाच्याला कळलं असतं की उत्तर त्याच्याकडे होतं. जवळजवळ तयार, म्हणजे किती? 560. थोडासा फरक, म्हणजे कशात आणि किती नगांत? 40 नग, एक छटा गडद. गुरुवारी निघेल, मग पोचेल कधी? शुक्रवारी दुपारपर्यंत. पेमेंटचं बघा, म्हणजे काय बघा? माल मिळाल्यावर उरलेले 78,000. आणि जिथे ‘काय?’ला उत्तरच नसेल तिथे एक टिंब पुरतं. त्याला पूर्णविराम म्हणतात. आपल्या मोडीत विरामचिन्हं नव्हती. मेजर कँडीने इंग्रजीतून ती मराठीत आणून रुजवली. पूर्णविरामाचा तेवढा तरी मान ठेवा.

उद्गारचिन्हांचंही तेच. माझे वडील गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होते. त्यांच्या जुन्या मशीनवर उद्गारचिन्हाची वेगळी कळच नव्हती. आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी मारायची, मग कॅरेज एक घर मागे घ्यायचं, मग खाली टिंब मारायचं. एका उद्गारचिन्हाला तीन ठोके. भाच्याच्या ईमेलमध्ये 14 उद्गारचिन्हं आहेत, मी मोजली. वडिलांना 42 ठोके मारावे लागले असते आणि तिसऱ्या चिन्हाला त्यांनी साहेबांना विचारलं असतं, ‘साहेब, कुणी गेलं का?’

चौथी गोष्ट, वाईट बातमी, माफी आणि पैसे या तिघांच्या शेजारी उद्गारचिन्ह न चुकता द्या. ‘उशीर झाला, सॉरी!!’ वाचून गिऱ्हाइकाला वाटतं, यांना मजाच येतेय.

पाचवी, ईमेल पाठवण्याआधी परत वाचू नका.

बरं, भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, तसा गुणी आहे. म्हणाला, ‘मामा, टिंबं काढली तर वाक्य लई रागावल्यागत वाटतंय ओ.’ इथे मात्र पोरगा अगदी चूक नाही, आणि त्याचं हे म्हणणं मी मान्य केलं. ‘पेमेंट करा.’ हे टिंबांशिवाय खरंच दरडावल्यासारखं वाटतं. पण तो दोष पूर्णविरामाचा नाही, ‘करा’चा आहे. क्रियापद बदल की लेका. ‘माल मिळाल्यावर उरलेली रक्कम खात्यात भरावी, ही विनंती.’ पूर्णविराम तोच, धार गेली. ‘फोटो पाठवा.’ऐवजी ‘फोटो आज पाठवू शकाल का?’ मऊपणा शब्दांत असतो आणि तो मराठीत भरपूर आहे. आपण आहे, कृपया आहे, भरावी-पाठवावी आहे. आभार मानायचे तर कशाचे ते सांगून मानावेत, म्हणजे ‘धन्यवाद’ला शेपूट लावावी लागत नाही. पूर्ण ईमेलमध्ये एखादं उद्गारचिन्ह चालतं, तेही बातमी समोरच्याच्या आनंदाची असेल तर. हॉटेलला दहा वर्षं झाली, अभिनंदन! तिथे द्या की. नाही कोण म्हणतंय?

मग त्याला बसवून तोच ईमेल परत लिहून घेतला. आधी टिंबांकडे बघ म्हटलं, कारण माहिती त्यांच्याखाली गाडलेली असते. उद्गारचिन्हं नंतर नुसती खुडली तरी चालतात. तो Ctrl+F दाबून तीन टिंबं शोधायला लागला आणि म्हणाला, एकही सापडेना. सापडतील कशी? मजकूर वर्डमधून आणलेला. वर्ड तीन टिंबं ओळीने दिसली की त्यांचं आपोआप एकच अक्षर करून टाकतो. दिसायला `...` आणि `…` सारखंच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. दोन्ही वेगवेगळी शोधावी लागली. शेवटी हे उरलं:

विषय: 600 टॉवेलची ऑर्डर: 560 तयार, 40 बद्दल आपला निर्णय हवा
नमस्कार मॅडम,
आपल्या 600 टॉवेलपैकी 560 पॅक झाले आहेत. उरलेले 40 रंगाईच्या दुसऱ्या लॉटमधले असून एक छटा गडद आहेत. दोन्हींचा शेजारी ठेवून काढलेला फोटो सोबत आहे. हे 40 वेगळ्या खोक्यात पाठवावेत की नव्याने रंगवून पुढच्या आठवड्यात द्यावेत, हे बुधवारी दुपारपर्यंत कळवावे. 560 टॉवेल गुरुवारी निघून शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतील. उरलेले 78,000 रुपये माल तपासून झाल्यावर भरावेत, ही विनंती.

आकड्यांनी थोडा लांबला. पण यात मॅडमनी फोन करून विचारावं असं काही उरलंय का?

उरलं नाही, आणि ऑर्डरही उरली नाही. शनिवारी त्यांच्याकडे लग्नाचं मोठं बुकिंग होतं. मी कोजागिरीहून परत येऊन मोबाईल चार्जिंगला लावेपर्यंत त्यांनी दुसरीकडून टॉवेल उचलले होते. आम्हाला दोन ओळी आल्या, टिंबं नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत: ऑर्डर रद्द. आगाऊ रक्कम परत करावी.

म्हणून आता सरळच बोलतो. अरे बाबांनो, तुम्हाला आकडा माहीत असतो, तारीख माहीत असते, चूक माहीत असते, आणि तुम्ही लिहिता ‘बघू...’. ही आपुलकी नाही, हा आळस आहे. वाक्य पूर्ण करायचा कंटाळा आला की टिंबं, आणि बोलायला काही नसलं की उद्गारचिन्हं! समोर बसलेल्या बाईने तिच्या साहेबाला उत्तर द्यायचं असतं, तिने काय तुमची टिंबं दाखवायची त्याला? लिहा ना नीट. शाळेत दहा वर्षं पूर्णविराम शिकवला तो कशाला?

आणि काठात दुसऱ्याच्या हॉटेलचं नाव विणलेले 600 टॉवेल घेणार कोण? गोडाऊनमध्ये पडलेत. भाचा रोज सकाळी त्यातल्याच एकाने माझं टेबल पुसतो, गडद लॉटमधल्या.