दहा सेकंदांचा माणूस

मला घरी फोनवर स्टॉप-मोशन फिल्म करायची होती: मातीचा माणूस जरासा हलवायचा, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा, आणि सगळे फोटो ओळीने पळवले की तो जिवंत वाटतो. माझी गोष्ट अगदी साधी होती. मातीचा एक माणूस खुर्चीवर बसलेला असतो, तो उठतो, चार पावलं चालतो आणि हात हलवून निरोप घेतो. दहा सेकंदांत संपते. ती रविवारी सकाळी सुरू करून जेवायच्या आत उरकावी, असा माझा अंदाज होता. तो कुठला रविवार, हे मी सांगितलं नव्हतं म्हणून बरं.

पहिला धक्का गणिताने दिला. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, म्हणजे दहा सेकंदांना 240 फोटो. मी कागदावरचा हा आकडा पाहून कागदच उलटा ठेवला. मग कळलं की प्रत्येक पोझ दोन फ्रेम दाखवली तरी डोळा तक्रार करत नाही. म्हणजे सेकंदाला 12 फोटो, एकूण 120. मी हिशेब मांडला: 24 फोटो नुसता बसलेला, 24 उठताना, 24 चालताना, 48 हात हलवताना. त्यातले पहिले 24 फुकटचे, कारण तिथे काही करायचंच नव्हतं. पुढे याच फुकटच्या फोटोंनी मला रडवलं.

माणूस मी न वाळणाऱ्या तेलाच्या मातीचा केला. देखणा होता. विसाव्या फोटोपर्यंत त्याचे गुडघे वाकले, तिसाव्यापर्यंत खांदे पडले आणि चाळिसाव्याला तो पहाटे घरी परतलेल्या माणसासारखा भिंतीला टेकला. माती स्वतःचं वजन पेलत नाही, तिला आतून सांगाडा लागतो. या धंद्यात त्याला आर्मेचर म्हणतात. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन पदर ड्रिलच्या तोंडात धरून पिळायचे आणि त्यातून हात, पाय, पाठीचा कणा काढायचा. मांडी, पोटरी, दंड अशा जिथे हाडं असतात तिथे तारेवर एपॉक्सी पुट्टी चढवायची, म्हणजे तार फक्त सांध्यात वाकते. मी पहिल्यांदा पुट्टी लावली नव्हती, त्यामुळे माझ्या माणसाला प्रत्येक पायात चार गुडघे होते. डोक्यात ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा कोंबायचा, नाहीतर नुसत्या मातीचं डोकं अख्ख्या देहाला पुढे ओढतं. आणि तळपायात नट बसवायचा. चालताना एक पाय हवेत असतो, तेव्हा दुसऱ्या पायाला प्लायवूडच्या खालून स्क्रू घालून आवळावं लागतं. पावलागणिक टेबलाखाली शिरायचं, जुना स्क्रू काढायचा, नवा लावायचा. चार पावलं तो चालला, पण कंबर माझी गेली.

संध्याकाळी पाचला 120 फोटो झाले. सगळे सोफ्यावर जमले आणि मी फिल्म लावली. माणूस उठला, चालला, त्याने हात हलवला. पण त्याच्या भोवतीची खोली बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लपलप करत होती.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "तो उठलाय की त्याच्यावर वीज पडलीय?"

याला फ्लिकर म्हणतात. एकेक फोटो पाहिला तर त्यात काहीच खोट दिसत नाही. दोन शेजारच्या फोटोंतला उजेडाचा बारीकसा फरक सेकंदाला बारा वेळा डोळ्यांवर आला की खोली थरथरू लागते. हालचाल असली की तो थोडा झाकला जातो. माणूस नुसता बसलेला असतो तिथे मात्र पळणारी गोष्ट उजेड एवढीच उरते. माझे 24 फुकटचे फोटो!

त्यातल्या त्यात बरं एवढंच की फ्लिकर आपला पत्ता देतो, फक्त नीट बघावं लागतं. माझ्या फिल्ममध्ये डावी बाजू हळूहळू पिवळी होत होती आणि डावीकडे खिडकी होती. सकाळी अकरा ते पाच या वेळात सूर्य थांबेल, ही अपेक्षा माझीच. मी काचांवर काळा कागद चिकटवला आणि दोन टेबल लॅम्प लावले. मग लक्षात आलं की माणूस कॅमेऱ्याजवळ आला की मागची भिंत रंग बदलते. तो फोनचा आगाऊपणा. समोर मातीच्या माणसाचा लाल सदरा मोठा दिसला की फोन मनाशी ठरवतो की आता उजेड आणि रंग जुळवून घेऊ. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद केले. शटरही अर्ध्या सेकंदाचं ठेवलं. पुष्कळसे बल्ब सेकंदाला 100 किंवा 120 वेळा बारीक लुकलुकतात. झटपट फोटो काढला तर कधी लुक सापडते, कधी लुप. अर्ध्या सेकंदात दोन्ही पुरेशा जमा होऊन सरासरी निघते. आपला मातीचा माणूस हलत नसल्यामुळे एवढं सावकाश शटर परवडतं.

यानंतर खरी चाचणी. कशालाही हात न लावता 24 फोटो काढायचे आणि फिल्म म्हणून बघायचे. ही युक्ती मला पहिल्या दिवशी माहीत असती तर रविवार वाचला असता. चाचणीत मधेच खुर्चीची एक बाजू उजळत होती, पुन्हा विझत होती. खिडकी बंद, फोन कुलपात, मग हे कोण? मी दोन तास दिवे हलवले. शेवटी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे वाकलात की त्याच्या खुर्चीवर उजेड पडतोय." माझा पांढरा बनियन! मी छायाचित्रकार नसून परावर्तक होतो. तेव्हापासून काळा शर्ट, आणि फोटो काढताना उभं राहायला जमिनीवर खडूची खूण. फोटोच्या क्षणी फोनला बोट लावायचं नाही, तीन सेकंदांचा टायमर लावून खुणेवर जायचं आणि श्वास रोखायचा. (श्वास रोखायची गरज नसते, पण रोखला जातोच.)

तरीही दोन फोटो अंधारलेले निघाले, अख्खी चौकट एकसारखी. एका बाजूला नाही, सगळीकडे, म्हणजे दोष दिव्यांच्या मुळाशी. त्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर लागला होता. एक लॅम्प जुन्या तारेच्या बल्बचा होता, आणि विजेचा दाब जरा खाली आला की तो लगेच मान टाकतो. बल्ब बदलून चांगला एलईडी लावला, आणि मिक्सरवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवरची प्रतिक्रिया इथे देत नाही.

उत्साहाच्या भरात मी एक दिवस मोठा कॅमेरा उसना आणला आणि फ्लिकर परत आला. आधुनिक लेन्समधल्या, उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्या प्रत्येक फोटोला मिटतात आणि पुन्हा उघडतात, पण दर वेळी केसभर वेगळ्या मिटतात. त्यावर उपाय म्हणजे हाताने कडं फिरवायची जुनी लेन्स, तिच्या पाकळ्या एकदा ठेवल्या की तिथेच राहतात. ती माझ्याकडे नव्हती. मी कॅमेरा परत केला आणि फोनला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

काल रात्री साडेदहाला पुन्हा चाचणी घेतली. काळा शर्ट, खडूची खूण, मिक्सर गप्प. चोवीस फोटो. सगळ्यांना सोफ्यावर बोलावलं. दोन सेकंद खोली दगडासारखी स्थिर. मला भरून आलं.

"पण हा हलतच नाहीये," बायको म्हणाली.

"बसलाय तो," मी म्हटलं. "पंचविसाव्या फोटोला उठणार आहे." आणि स्क्रू शोधायला टेबलाखाली शिरलो.