लाईन गेली काय?

"एवढं मोठं लिवलं तं वाचन कोण, सेठ?" असं माझा इलेक्ट्रिशियन भर दुकानात म्हणाला, तेही गिऱ्हाइकांसमोर. हा अपमान माझ्या अजून डोक्यात आहे.

तालुक्याहून यायचा माणूस. पेरणीच्या दिवसांत शेतातल्या मोटारींचे स्टार्टर सोडून किराणा दुकानात तो एकदाच येणार, म्हणून येताना काय आणायचं ते त्याला कळावं या हेतूने मी आदल्या रात्री नीट मेसेज लिहिला होता:

"भाऊ, मीटरजवळच्या बोर्डात छोटं खटकं पडत नाही. त्याच्या बाजूचं रुंद, टी अक्षराचं बटण असलेलं पडते. फ्रीजरचा कॉम्प्रेसर लागला की लगेच. कूलर बंद आहे, पण त्याची पिन बोर्डात असली तरच पडते. कूलरची पिन काढली तर फ्रीजर तासभर चालते, पडत नाही. बोर्ड गरम नाही, जळका वास नाही. शेजारची लाईन बरोबर. बोर्डाचा फोटो पाठवला."

आता यात काय कमी होतं? छोटं खटकं म्हणजे एमसीबी. ते लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतं. रुंद वालं गेलेला करंट आणि परत आलेला करंट मोजत बसतं. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत गेला की पडायचं, हा त्याचा धर्म. म्हणजे कोणतं पडलं एवढं सांगितलं तरी अर्धं काम झालं.

उत्तरात अंगठा आला. सकाळी फोन आला, "काय झालं सेठ, लाईन गेली काय?"

आमच्याकडे डीपी जळो, फ्यूज उडो, बिल थकून कनेक्शन कटो, सगळ्याला एकच निदान: लाईन गेली. गावात एवढी मोटारसायकल दुरुस्तीची अक्कल आहे, कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून लोक जेट सांगतात. विजेच्या बाबतीत मात्र सगळे संत.

तो आला तो पिशवीत 32 अँपिअरचं नवं एमसीबी घेऊनच. जे पडतच नव्हतं, ते!

आणि नेमके तेव्हा आबाजी बाकड्यावर होते. आबाजी माझ्याकडून महिन्याला एक विड्याचं बंडल घेतात आणि त्या बदल्यात रोज सल्ला देतात.

"फ्रीजरच हाय," आबाजी म्हणाले. "ते लागलं का खटकं पडते. पोट्ट्यालेबी समजन."

"आबाजी, कूलरची पिन काढली की पडत नाही जी."

"कूलर बंद हाय ना? बंद कूलर का करन?" मग उठून त्यांनी मी नको नको म्हणत असताना कूलरच्या पत्र्यावर चक्क थाप मारली. "पाह्य, करंट मारते काय? नाई मारत. त्याले काहून बदनाम करतं?"

मला घाम फुटला. आबाजी वाचले म्हणून तोंड बंद ठेवलं. पण ते थांबतात कुठे!

"मी का म्हणतो, ते रुंद वालं काढून टाक. डायरेक्ट कर. आमच्या घरी नाई ते, तं आमी मेलो काय?"

इलेक्ट्रिशियननं मान हलवली आणि पेचकस काढला. इथे मात्र मी ओरडलो. ते यंत्र माणूस वाचवायला लावलंय, ते आपलं काम करतंय, तेच काढायचं?

शेवटी मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला आणि मेसेज मोठ्याने वाचला. कूलरच्या ओळीवर तो थबकला. पिन काढली, मल्टिमीटरच्या दोन काड्या न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेला लावल्या. पी... असा लांब आवाज आला, म्हणजे दोन्ही आतून कुठेतरी जुळलेल्या. आबाजी सोडून सगळे गप्प.

कूलरची मागची जाळी काढली. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून तिचं प्लास्टिक सोललं होतं, आत तांबं चकाकत होतं. सोललेली तार न्यूट्रलची, म्हणून पत्रा झटका देत नव्हता. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून बंद कूलरही गुन्ह्यात सामील. फ्रीजर लागला की परतणाऱ्या करंटातला थोडा या वाटेने अर्थला पळायचा आणि रुंद खटकं हिशेब चुकला म्हणून पडायचं. फ्रीजर बिचारा साक्षीदार!

वायर बदलली, धारेवर रबर बसवलं. पैसे घेताना तो म्हणाला, "पुढच्या बारीले फोन करत जा. मेसेजमधी टाइम जाते."

ते 32 चं एमसीबी त्यानं माझ्याच खात्यात मांडलं होतं. ते परत करायला मला वेगळं भांडावं लागलं. तेवढ्यात आबाजी एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "मी पयलेच म्हटलं होतं, कूलर पाह्य म्हणून."